दर एकच, मग व्याज निम्मं का?

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका, पण आज जवळ एक कागद आणि पेन्सिल असली तर बरं. थोडी बेरीज करायची आहे. अवघड नाही, दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला तर मुळीच नाही.

गेल्या महिन्यात आमच्या रेडिओच्या खोलीत दोन शेजारणी आल्या. एक ताई शिवणकाम करतात, दुसऱ्या काकू शेळ्या पाळतात. शिवणकामवाल्या ताई चिडलेल्या होत्या. त्यांनी पिशवीतून पासबुक काढलं आणि आमच्यापुढे टाकलं. म्हणाल्या, "बँकेनं मला फसवलंय. हिला आणि मला एकाच दिवशी, एकाच खिडकीवर सांगितलं होतं, सात टक्के व्याज. हिनं चोवीस हजार ठेवले, मी पण वर्षात चोवीस हजारच भरले. हिला व्याज मिळालं सतराशे पंचवीस आणि मला नऊशे चोवीस. आता पुढची रिकरिंग मी काढणार नाही. त्यापेक्षा भिशी बरी."

आम्ही दोघींची कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. काकूंची होती मुदत ठेव, म्हणजे आपण जिला एफडी म्हणतो ती. शेळ्या विकून आलेले 24,000 रुपये त्यांनी एकदम भरले होते, एका वर्षासाठी. ताईंची होती आवर्ती ठेव, म्हणजे रिकरिंग किंवा आरडी. शिलाईच्या पैशातून दर महिन्याला 2,000 रुपये, असे बारा हप्ते. दर दोघींचा 7 टक्के. रक्कम वर्षाअखेरीस दोघींची 24,000. आणि व्याजात 801 रुपयांचा फरक.

तरीही बँकेनं कुणालाच फसवलेलं नव्हतं. हे कसं, ते आता कागदावर पाहू.

व्याज हे पैशाचं भाडं असतं. बँक आपला पैसा वापरते आणि जितके दिवस वापरते तितक्या दिवसांचं भाडं देते. काकूंचे सगळेच्या सगळे 24,000 रुपये पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत बँकेकडे होते. त्यामुळे त्यांना पूर्ण रकमेवर पूर्ण वर्षाचं भाडं मिळालं. ताईंचा फक्त पहिला हप्ता बारा महिने बँकेत राहिला. दुसरा हप्ता अकरा महिने राहिला, तिसरा दहा. आणि बारावा हप्ता भरल्यावर एका महिन्यातच मुदत संपली, म्हणजे त्या दोन हजारांना एकाच महिन्याचं व्याज.

आता कागदावर लिहा, बारा, अकरा, दहा, नऊ, असं करत करत एकपर्यंत, आणि बेरीज करा. येईल 78. म्हणजे ताईंचे दोन हजार रुपये एकूण 78 महिने कामाला होते. काकूंच्या चोवीस हजारांत दोन-दोन हजारांचे बारा गठ्ठे आहेत असं समजा. प्रत्येक गठ्ठा बारा महिने कामाला होता. बारा बारे 144. एकीकडे 144 महिन्यांचं भाडं, दुसरीकडे 78 महिन्यांचं. 78 म्हणजे 144 च्या निम्म्याहून जरा जास्त. व्याजही निम्म्याहून जरा जास्तच आलं.

दोन हजारांवर 7 टक्क्यांनी वर्षाला 140 रुपये होतात, म्हणजे महिन्याला साधारण 11 रुपये 67 पैसे. ते 78 ने गुणलं की 910 रुपये. बँक दर तीन महिन्यांनी व्याज मुदलात मिळवते आणि पुढे व्याजावरही व्याज देते, त्यामुळे ते 924 झालं. काकूंचं साध्या व्याजानं 1,680 झालं असतं, तिमाही चक्रवाढीनं 1,725 झालं.

म्हणजे आरडी ही काही कमी व्याजाची ठेव नव्हे. आरडी म्हणजे लहान लहान मुदत ठेवींची माळ. त्यातला प्रत्येक मणी वेगळ्या दिवशी ओवलेला असतो, पण सगळे एकाच दिवशी सुटतात. प्रत्येक रुपयाला तो बँकेत जितके दिवस होता तितक्या दिवसांचे पूर्ण 7 टक्के मिळतात.

हे ऐकून ताई जरा शांत झाल्या. पण लगेच त्यांनी विचारलं, आणि प्रश्न अगदी रास्त होता, "मग मी पण एफडीच का करू नये?"

आम्ही त्यांना उलट विचारलं, "वर्षाच्या सुरुवातीला तुमच्याकडे चोवीस हजार रुपये होते का?"

"छे! असते तर काय हवं होतं."

इथेच उत्तर आहे, मैत्रिणींनो. कोणती ठेव चांगली हे दराकडे बघून ठरत नाही. आपल्या हातात पैसा कसा येतो, एकदम की थोडा थोडा, यावरून ठरतं.

ताईंची तुलना काकूंशी करायचीच नाही. ताईंपुढे खरे दोनच रस्ते होते. एक, दर महिन्याला दोन हजार बचत खात्यात टाकत राहायचं आणि वर्षानं चोवीस हजार जमले की एफडी करायची. दुसरा, ते दोन हजार आरडीत भरायचे. बचत खात्यावर अडीच टक्के व्याज धरलं तर वर्षभरात त्या हप्त्यांवर 325 रुपये मिळाले असते. आरडीत 924 मिळाले. म्हणजे जवळजवळ सहाशे रुपये ताईंनी जास्त कमावले. आणि बचत खात्यातले पैसे सणासुदीला, पाहुण्यांना, उसनवारीला हात न लागता वर्षभर तसेच राहिले असते का, ते ज्याचं त्यानं आपल्या मनाला विचारावं. ताई स्वतःच हसून म्हणाल्या, "नसते राहिले."

आता हाच हिशेब काकूंच्या बाजूनं करू, कारण त्यांनीही एक चूक जवळजवळ केली होती. त्यांना कुणी सांगितलं होतं की सगळे पैसे एकदम अडकवू नका, रिकरिंग काढा आणि खात्यातून दर महिन्याला दोन हजार आपोआप वळते होऊ द्या. तसं केलं असतं तर काय झालं असतं? आरडीचे 924 रुपये मिळाले असते. बाकीची रक्कम, आधी बावीस हजार, मग वीस हजार, अशी उतरत उतरत बचत खात्यात राहिली असती. त्यावर अडीच टक्क्यांनी साधारण 275 रुपये आले असते. दोन्ही मिळून सुमारे 1,200. एफडीत 1,725. हातात एकरकमी पैसे असताना आरडी काढली तर सव्वापाचशे रुपये सोडून द्यावे लागले असते.

म्हणून साधी खूणगाठ बांधा. एकदम आलेला पैसा एफडीत, थोडा थोडा येणारा पैसा आरडीत. जनावर विकलं, पीक विकलं, विम्याचे पैसे आले, नोकरी संपताना रक्कम मिळाली, तर एफडी. पगार, मानधन, दुधाचं बिल, शिलाई, डबे, यातून दर महिन्याला काही उरत असेल तर आरडी.

एफडीचा आणखी एक उपयोग आरडीला जमत नाही. घरात एखाद्या आजींना महिन्याच्या औषधाला पैसे लागत असतील, तर एफडीचं व्याज दर महिन्याला किंवा दर तीन महिन्यांनी खात्यात घेता येतं. एक लाखाच्या ठेवीवर 7 टक्क्यांनी महिन्याला 580 रुपयांच्या आसपास येतात आणि मुद्दल तसंच राहतं. आरडीत मात्र व्याज मधे हातात येत नाही, सगळं मुदतीच्या शेवटीच.

आरडीचीही एक जमेची बाजू आहे, जी फारशी कुणी सांगत नाही. आरडी उघडताना जो दर ठरतो, तोच पुढच्या प्रत्येक हप्त्याला लागू राहतो. 2025 साली काय झालं पाहा. त्या वर्षी फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेनं आपला रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून साडेपाचवर आणला आणि पाठोपाठ बँकांनीही नव्या ठेवींचे दर खाली आणले. पण ज्या बायकांची आरडी आधीच सुरू होती, त्यांनी जूननंतर भरलेल्या हप्त्यांनाही जुनाच, चढा दर मिळत राहिला. दर उतरत असताना आधीची आरडी मोडायची नसते, ती शेवटपर्यंत न्यायची असते. दर चढत असले तर मात्र उलटं होतं. आपण जुन्या, कमी दरात बांधलेले राहतो. तेव्हा लांब मुदतीची आरडी काढण्यापेक्षा वर्षा-दीड वर्षाची काढून पुन्हा नवी सुरू करणं बरं.

इथवर सगळं सरळ आहे. पण संसार सरळ चालत नाही. मधेच पैसे लागतात, आणि खरं नुकसान तिथे होतं.

आमच्या एका श्रोत्या मावशींचा फोन आला होता. त्यांनी म्हैस विकून आलेले 60,000 रुपये तीन वर्षांच्या एफडीत ठेवले होते, 7 टक्क्यांनी. चौदा महिने झाले आणि मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी 20,000 रुपये आठ दिवसांत भरायचे होते. मावशी पावती मोडायला निघाल्या होत्या. मुलगी म्हणत होती, "आई, वर्षभराचं व्याज बुडेल, राहू दे, मी पुढच्या वर्षी बघते." एवढ्यासाठी मुलीचं एक वर्ष वाया जाणार होतं. त्यामुळे हा हिशेब आम्ही फोनवर नाही, मावशींना बोलावून समोरासमोर केला.

पावती मोडली तर सगळं व्याज बुडतं असं नाही. बँक काय करते, तर मुदत तीन वर्षांची होती हे विसरते आणि विचारते, ज्या दिवशी ही ठेव ठेवली त्या दिवशी चौदा महिन्यांच्या ठेवीला किती दर होता? समजा साडेसहा टक्के होता. त्यातून दंड म्हणून बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कमी करतात. एक टक्का धरला तर उरले साडेपाच. चौदा महिन्यांचं व्याज 7 टक्क्यांनी साधारण 5,060 रुपये झालं असतं, साडेपाच टक्क्यांनी ते 3,950 होतं. म्हणजे मोडण्याची किंमत सुमारे 1,110 रुपये. शिवाय वीस हजार वापरून उरलेले चाळीस हजार पुन्हा ठेवायचे ते त्या दिवशीच्या नव्या दरानं.

दुसरा रस्ता म्हणजे ठेवतारण कर्ज. पावती बँकेकडे तारण ठेवायची आणि तिच्यावर कर्ज घ्यायचं. बँका ठेवीच्या साधारण 75 ते 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देतात, आणि व्याज ठेवीच्या दरापेक्षा बहुतेक वेळा एक-दोन टक्के जास्त असतं. जामीनदार लागत नाही, सातबारा लागत नाही. मावशींच्या बँकेत एक टक्का जास्त होतं, म्हणजे 8 टक्के. वीस हजार घेऊन सहा महिन्यांत फेडले तर व्याज होतं 800 रुपये. पण लक्षात घ्या, ठेव मोडलेली नाही. साठच्या साठ हजारांवर 7 टक्के व्याज चालूच आहे. त्यातल्या वीस हजारांवर त्याच सहा महिन्यांत 700 रुपये मिळतात. म्हणजे मावशींच्या खिशातून खरे गेले शंभर रुपये. अकराशे कुठे आणि शंभर कुठे!

मावशींनी विचारलं, "आणि सहा महिन्यांत नाही जमलं तर?" समजा अगदी ठेव संपेपर्यंत, म्हणजे उरलेले बावीस महिने लागले, तरी जास्तीचा खर्च एकाच टक्क्याचा आहे. वीस हजारांवर वर्षाला 200 रुपये, म्हणजे बावीस महिन्यांत साधारण 370. मात्र कर्जाचं व्याज दर महिन्याला किंवा तिमाहीला भरत राहायला हवं. ते साचू दिलं तर त्यावरही व्याज चढतं.

प्रत्येक वेळी कर्जच चांगलं, असं मात्र समजू नका. ठेव ठेवून दोन-तीनच महिने झाले असतील तर मोडल्यानं फार काही जात नाही, कारण फार काही मिळालेलंच नसतं. पण ठेव निम्मी झाली असेल, किंवा लागणारी रक्कम ठेवीपेक्षा बरीच लहान असेल, तर मोडण्याआधी खिडकीवर एवढंच विचारा, "ठेवतारण कर्ज किती टक्क्यांनी द्याल?" आणि वर सांगितल्याप्रमाणे दोन्ही आकडे कागदावर लिहून बघा.

मावशींना आम्ही तिसरीही गोष्ट सांगितली, जी त्यांच्या वेळी करता आली नाही, पण तुम्हाला करता येईल. साठ हजारांची एक पावती करण्याऐवजी वीस-वीस हजारांच्या तीन पावत्या करायच्या. दिवस तोच, मुदत तीच, दर तोच, व्याजात एका पैशाचा फरक नाही. पण गरज पडली तर एकच पावती मोडावी लागते. तोटा अकराशेचा न होता त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा, म्हणजे 370 चा होतो, आणि बाकीच्या दोन पावत्यांना धक्का लागत नाही. घरात दाणे आपण एकाच मोठ्या कोठीत ठेवत नाही, दोन-तीन डब्यांत ठेवतो. तसंच हे.

एका पावतीपासून मात्र जपून राहा. पाच वर्षांची "कर वाचवणारी" मुदत ठेव असते. ती पाच वर्षं मोडता येत नाही आणि तिच्यावर कर्जही मिळत नाही. ज्यांना प्राप्तिकर भरावा लागतो आणि जुन्या कररचनेत सूट घ्यायची असते त्यांच्यासाठी ती आहे. ज्या बाईला करच भरायचा नाही, तिनं ती घेतली तर फायदा काही नाही, नुसते पैसे अडकतात. पावती हातात आली की ती कोणत्या योजनेची आहे ते तिथल्या तिथे वाचून घ्या. साध्या मुदत ठेवीचं तसं नाही. एक कोटीपर्यंतची कुणाही व्यक्तीची साधी ठेव बँकेला मुदतीआधी मोडून द्यावीच लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. "मधे मिळणार नाही" असं कुणी म्हणालं तर नियम विचारा.

आता आरडीत काय बिघडतं ते पाहू. तिथे मोडण्यापेक्षा जास्त वेळा अडचण येते ती हप्ता चुकण्याची.

पोस्टाची आरडी आपल्याकडे खूप जणींची आहे, म्हणून तिचंच उदाहरण घेऊ. ती पाच वर्षांची असते, साठ हप्ते, आणि महिन्याला शंभर रुपयांपासून सुरू करता येते. खातं महिन्याच्या 15 तारखेपर्यंत उघडलं असेल तर पुढचे हप्ते दर महिन्याच्या 15 पर्यंत भरायचे. 15 नंतर उघडलं असेल तर महिनाअखेरपर्यंत. हप्ता चुकला तर शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड. दोन हजारांच्या हप्त्याला वीस रुपये. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मघाशी आपण काढलं होतं की दोन हजारांवर महिन्याचं व्याज पावणेबारा रुपयांच्या आत येतं. म्हणजे एका महिन्याचा दंड हा एका महिन्याच्या व्याजापेक्षा जास्त आहे. आणि चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं. ते पुन्हा सुरू करायला चौथा हप्ता चुकल्यापासून दोनच महिने मिळतात.

शिवाय पोस्टाची आरडी तीन वर्षं होण्याआधी बंद करता येत नाही, आणि पाच वर्षांआधी बंद केली तर व्याज बचत खात्याच्या दरानं मिळतं. म्हणून पाच वर्षं जाणार नाही अशी खात्री नसेल तर पोस्टात जाऊ नका, बँकेची वर्षाची आरडी काढा. काही बँकांत ती सहा महिन्यांपासून मिळते. पोस्टात अडचण आलीच तर बारा हप्ते भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याजानं.

मग हप्ता ठरवायचा कसा? बहुतेक जणी दिवाळीच्या महिन्याची कमाई बघून हप्ता ठरवतात. ठरवायचा असतो तो श्रावणातली, पावसाळ्यातली, सगळ्यात कडकीच्या महिन्याची कमाई बघून. शिवणकामवाल्या ताईंचं जून-जुलैत गणवेशांमुळे जोरात चालतं आणि सप्टेंबरात थंडावतं. त्यांना आम्ही सांगितलं की दोन हजारांची एक आरडी काढण्याऐवजी हजार-हजारांच्या दोन काढा. एखाद्या वर्षी ओढाताण झालीच तर एक बंद करता येईल, दुसरी चालू राहील. मघाच्या तीन पावत्यांचीच ही युक्ती.

ज्यांच्या हातात पैसा हंगामात येतो, ऊस गेला की किंवा कापूस विकला की, त्यांच्यासाठी पोस्टाच्या आरडीत एक चांगली सोय आहे. हप्ते आगाऊ भरता येतात आणि त्यावर सूट मिळते. सहा हप्ते एकदम भरले तर शंभर रुपयांच्या खात्यामागे दहा रुपये, बारा हप्ते एकदम भरले तर चाळीस रुपये. म्हणजे हजार रुपयांची आरडी असेल तर वर्षाचे बारा हजार भरायच्या ऐवजी 11,600 भरायचे. हंगामात एकदा भरलं की वर्षभर हप्ता चुकण्याची चिंता नाही.

ठेव कुठे ठेवायची, हेही दराइतकंच महत्त्वाचं. बँक अडचणीत आली तर एका ठेवीदाराच्या त्या बँकेतल्या सगळ्या ठेवी मिळून, व्याजासकट, पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. सरकारी, खासगी, नागरी सहकारी, जिल्हा मध्यवर्ती अशा बँकांना ते लागू आहे, एफडीलाही आणि आरडीलाही. पोस्टातल्या पैशामागे केंद्र सरकार असतं. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिथल्या ठेवीला हा विमा नाही. पतसंस्था एक-दोन टक्के जास्त देते म्हणून मुलीच्या शिक्षणाचा सगळा पैसा तिथे नेताना ही गोष्ट माहीत असावी.

आता शेवटी ताईंच्या भिशीबद्दल. भिशीत मैत्रिणी भेटतात, ते सुख वेगळं आणि ते मोडा असं आम्ही म्हणणार नाही. पण मुलीच्या कॉलेजसाठी ठरलेल्या महिन्यात ठरलेली रक्कम हवी असेल, तर भिशीत आपला नंबर कधी लागेल याचा भरवसा नाही, आणि त्यावर व्याजही नाही. आरडीत तारीख पहिल्या दिवशीच छापून मिळते.

ताईंनी मग असं केलं. सुटलेल्या 24,924 रुपयांतले 24,000 त्यांनी एफडीत ठेवले, बारा-बारा हजारांच्या दोन पावत्या करून. वरच्या 924 रुपयांत अस्तर आणि दोऱ्याची रिळं आणली. आणि हजार-हजारांच्या दोन नव्या आरडी सुरू केल्या. दर 7 टक्केच राहिला तर वर्षानं एफडीचे 25,725 आणि आरडीचे 24,924 मिळून 50,649 रुपये होतील. दर थोडा उतरला तर शे-दोनशे रुपये कमी होतील. पण मुलीचा प्रवेश त्यात होईल. आरडीत जमवायचं आणि जमलं की एफडीत बसवायचं, हा दोन्हींचा मेळ आहे.

जाता जाता ताईंनी पासबुक पिशवीत ठेवलं आणि काकूंना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी पण तुझ्यासारखी एफडीवाली. पण रिकरिंग मोडून नव्हे, रिकरिंगच्या पैशातून."

मावशींनी कर्ज घेतलं, फी वेळेत भरली. मुलगी आता होस्टेलवर आहे. पावती तारण आहे, पण मोडलेली नाही.